टू-स्टेप फ्लोचं उत्तर: सोसायटीतल्या काकांपासून दहा गुणांपर्यंत

संज्ञापनाच्या सिद्धांतांच्या पेपरात 'टू-स्टेप फ्लो, म्हणजेच द्विस्तरीय संज्ञापन प्रवाह, परिसरातील उदाहरणासह स्पष्ट करा' असा प्रश्न आला की बहुतेक मुलांना हायसं वाटतं. सिद्धांत छोटा आहे आणि आकृती दोन बाणांची. तरीही दहापैकी चार-पाच गुणांवर अडकलेली उत्तरं मी वर्षानुवर्षं तपासत आले आहे. व्याख्या बहुतेकांची बरोबर असते. गुण जातात ते उदाहरणात. मुलं उदाहरण म्हणून जे लिहितात ते द्विस्तरीय प्रवाहाचं नसतंच. कधी ती निरोप पोचवण्याची गोष्ट असते, कधी जाहिरातीची, कधी नगरसेवकाच्या सभेची.

म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेते आहे. पुण्यातली एक सोसायटी आणि मिळकतकराचा अर्ज. ज्या क्रमाने टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने घरी एकदा कागदावर करून पाहा. परीक्षेत उदाहरण बदललं तरी क्रम हाच ठेवा.

## टप्पा १ : सिद्धांत दोन वाक्यांत पक्का करा

उदाहरण शोधण्याआधी सिद्धांताचा नेमका दावा स्वतःच्या हाताने लिहून काढा. तो असा आहे: कल्पना आणि मतं पुष्कळदा माध्यमांकडून आधी मतनेत्यांकडे जातात, आणि मतनेत्यांकडून त्या विषयात कमी सक्रिय असलेल्या लोकांकडे पोचतात. त्यामुळे माध्यमांचा बराचसा प्रभाव थेट पडत नाही, ओळखीच्या माणसांच्या बोलण्यातून पडतो.

यात 'पुष्कळदा' हा शब्द मूळ मांडणीतलाच आहे. मुलं त्याच्या जागी 'नेहमी' लिहितात आणि पुढे मर्यादा सांगताना स्वतःच्याच वाक्यात अडकतात.

पार्श्वभूमी तीन वाक्यांत आटपा. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड, बर्नार्ड बेरेल्सन आणि हेझल गॉडेट यांनी ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत सुमारे ६०० मतदारांच्या एकाच गटाला मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटून मतं कशी ठरतात ते पाहिलं, आणि हा अभ्यास १९४४ मध्ये 'द पीपल्स चॉइस' या नावाने आला. मत ठरण्यामागे रेडिओ-वर्तमानपत्रांपेक्षा माणसांशी झालेलं बोलणं अधिक ठळक दिसलं, आणि त्यातून दोन पायऱ्यांची ही कल्पना पुढे आली. एलिहू कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड यांनी इलिनॉयमधल्या डेकाटूर गावात सुमारे ८०० स्त्रियांचा अभ्यास करून ती १९५५ च्या 'पर्सनल इन्फ्लुअन्स'मध्ये पुढे नेली.

तीन वाक्यं पुरे. रूझवेल्ट विरुद्ध विल्की या लढतीवर अर्धं पान भरलेली उत्तरं मी पाहिली आहेत. त्या अर्ध्या पानाला गुण नसतात, कारण प्रश्न निवडणुकीवर नसतो.

तपासा: तुमच्या दोन वाक्यांत 'माहिती' हा शब्द आहे की 'प्रभाव'? फक्त 'माहिती' असेल तर थांबा. माहिती पोचणं आणि मत बनणं यांतला फरक हा या उत्तराचा कणा आहे. टप्पा ५ मध्ये तो पुन्हा येईल.

## टप्पा २ : उदाहरण निवडा, पण आधी विषय निवडा

इथे क्रम चुकतो. मुलं आधी माणूस शोधतात: 'आमच्या भागात मतनेता कोण?' मग जो सर्वांत मोठा दिसतो तो उचलतात. यात आपल्या शब्दाचाही दोष आहे. 'ओपिनियन लीडर'ला आपण 'मतनेता' म्हणतो, आणि 'नेता' वाचलं की डोळ्यांसमोर फ्लेक्सवरचा चेहरा येतो. उत्तरात नगरसेवक येतात, मंडळाचे अध्यक्ष येतात, एखाद्या वेळी नटही येतो. मतनेत्याला पद लागत नाही. शेजारी त्याला एखाद्या विषयात विचारतात, एवढंच त्याचं नेतेपण.

म्हणून आधी विषय घ्या. विषयाच्या तीन अटी आहेत. त्याची बातमी माध्यमांत आलेली हवी, नाहीतर पहिली पायरीच राहत नाही. लोकांना काही ठरवावं लागेल असा तो हवा, नाहीतर प्रभाव दाखवता येत नाही. आणि बातमी वाचूनही मनात शंका उरेल असा हवा, नाहीतर कोणाला विचारायची गरजच पडत नाही.

आमचं उदाहरण या तिन्ही अटींत बसतं. पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. २०२३ मध्ये, सवलत बंद झालेल्या किंवा न मिळालेल्या मिळकतधारकांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा, असं महापालिकेने जाहीर केलं, आणि वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या आल्या. आता कोथरूडमधली २४ फ्लॅटची एक कल्पित सोसायटी डोळ्यांसमोर आणा. बातमी घरोघरी वाचली गेली आहे. पण प्रत्येक घरात प्रश्न उरले आहेत. हा अर्ज आपल्याला लागू आहे का? बिलात सवलत आधीच वजा झालेली आहे की नाही, हे कसं ओळखायचं? सोसायटीचं पत्र लागेल का? मुलगा परदेशात आहे आणि फ्लॅट त्याच्या नावावर आहे, मग 'स्वतः राहतो' म्हणता येईल का?

'ए' विंगच्या पहिल्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. रोज दोन वर्तमानपत्रं वाचतात, मिळकतकराची जुनी बिलं फाइलला लावून ठेवतात, आणि संध्याकाळी पार्किंगजवळच्या बाकावर बसतात. लोक त्यांच्याकडे बिल घेऊन येऊ लागतात.

सावधान: मिळकतकर गोळा करणारे पेठ निरीक्षक हे या उदाहरणातले मतनेते नाहीत. त्यांचं सांगणं लोक ऐकतात ते अधिकारामुळे. काकांचं ऐकतात ते विश्वासामुळे. तसंच, कुठली बातमी छापायची हे ठरवणारा संपादक द्वारपाल असतो, मतनेता नसतो. द्वारपाल बातमी माध्यमातून बाहेर पडण्याआधी काम करतो, मतनेता ती बाहेर पडल्यानंतर. या दोघांची गल्लत मी दरवर्षी पाहते.

## टप्पा ३ : काका मतनेते का, हे सिद्ध करा

'सगळे काकांना मान देतात' असं लिहून चालत नाही. मान अनेकांना मिळतो. कॅट्झ यांनी १९५७ मध्ये या सिद्धांताचा पुन्हा आढावा घेतला, तेव्हा प्रभावी माणूस ओळखण्याच्या तीन बाजू सांगितल्या: तो कोण आहे, त्याला काय माहीत आहे, आणि तो कोणाला ओळखतो. या तिन्ही बाजू उदाहरणातल्या ठोस तपशिलाने भरा.

तो कोण आहे, म्हणजे गटाला जे मोलाचं वाटतं ते त्या माणसात दिसतं का. या सोसायटीत हिशेब चोख ठेवणं मोलाचं आहे, आणि काकांची फाइल सगळ्यांनी पाहिली आहे. काय माहीत आहे, म्हणजे त्या विषयातली जाण. काका बिलातली कोणती ओळ पाहायची ते बोट ठेवून दाखवतात. कोणाला ओळखतो याला दोन अंगं आहेत. सोसायटीच्या आत ते बाकावर असतात, म्हणजे सहज भेटतात. आणि सोसायटीबाहेर त्यांचे बँकेतले जुने सहकारी आहेत, त्यातले एक कर सल्लागार आहेत.

हे बाहेरचं अंग मुलं गाळतात. मतनेता आपल्या गटाला गटाबाहेरच्या गोष्टींशी जोडतो, आणि म्हणूनच त्याचा माध्यमांशी संबंध इतरांपेक्षा जास्त असतो. काका वर्तमानपत्र वाचतच नाहीत, नुसते अनुभवी आहेत, असं लिहिलंत तर पहिला बाण उभा राहत नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे मतनेतेपण विषयापुरतं असतं. डेकाटूरमध्ये घरातल्या रोजच्या वस्तूंची खरेदी, फॅशन, सिनेमा आणि सार्वजनिक प्रश्न अशा चार विषयांत प्रभाव कोणाचा ते पाहिलं गेलं. रोजच्या खरेदीत मोठ्या कुटुंबातल्या गृहिणींना विचारलं जात होतं, तर फॅशन आणि सिनेमात तरुण मुलींना. सामाजिक दर्जाचा भाग सार्वजनिक प्रश्नांत दिसला, बाकी ठिकाणी तितका नाही. आमच्या सोसायटीत हे एका वाक्यात येतं: कराला काका, पण कोणत्या शाळेत प्रवेश घ्यावा हे विचारायला लोक 'बी' विंगमधल्या, दोन मुलं शाळेत असलेल्या ताईंकडे जातात, आणि काका स्वतः नातीच्या प्रवेशासाठी त्यांच्याकडेच गेले. या एका वाक्याला मी नेहमी गुण देते, कारण त्यात दोन मुद्दे एकत्र आहेत. नेतेपण विषयागणिक बदलतं, आणि प्रभाव वरून खालीच येतो असं नाही, तो बरोबरीच्या माणसांत इकडून तिकडे जातो.

तपासा: ईरी काउंटीत मतनेते ओळखण्यासाठी लोकांना साधारण असे दोन प्रश्न विचारले होते: अलीकडे तुम्ही कोणाला तुमचं राजकीय मत पटवण्याचा प्रयत्न केलात का? आणि अलीकडे कोणी तुमचा राजकीय सल्ला विचारला का? 'राजकीय'च्या जागी तुमचा विषय घालून हे दोन प्रश्न तुमच्या माणसाला लावा. दोन्हींचं उत्तर 'नाही' येत असेल, तर माणूस चुकला आहे.

## टप्पा ४ : दोन बाण, दोन वेगळी कामं

आता आकृती:

वर्तमानपत्र → काका → शेजारी

बाण काढून थांबू नका. प्रत्येक बाणावर काय घडतं ते लिहा, कारण दोन्ही बाणांवर एकच गोष्ट जात नाही.

पहिल्या बाणावर बातमी जाते: सवलत आहे, अर्जाचं नाव पीटी-३, अमुक कागद जोडायचे. काका ती वाचतात, दुसऱ्या वर्तमानपत्राशी ताडून पाहतात, आपलं बिल काढून बघतात.

दुसऱ्या बाणावर बातमीचा अर्थ जातो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना काका सांगतात, "तुमच्या बिलात सवलत वजा झालेली दिसतेय, तुम्ही अर्जाच्या भानगडीत पडू नका." भाडेकरू ठेवलेल्या गृहस्थांना सांगतात, "तुम्ही भरू नका, घरात तुम्ही राहत नाही." मुलाच्या नावावर फ्लॅट असलेल्या आजींना म्हणतात, "आधी कार्यालयात विचारून या, मग भरा." बातमी सगळ्यांसाठी एकच होती. सल्ला तीन घरांना तीन तऱ्हेचा मिळाला, आणि त्याप्रमाणे तीन वेगळे निर्णय झाले.

द्विस्तरीय प्रवाह इथेच दिसतो. बातमी आणि निर्णय यांच्यामध्ये एका माणसाने केलेला उलगडा आहे. काकांनी फक्त 'पेपरात आलंय बरं का' असं सांगितलं असतं, तर ते निरोप्या ठरले असते.

व्हॉट्सअ‍ॅपचा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो, म्हणून सांगते. काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं बातमीचं कात्रण टाकलं, तर ते माहिती पुढे ढकलणं झालं. कात्रणाखाली त्यांनी 'ज्यांच्या बिलात सवलत दिसत नाही आणि जे स्वतः राहतात त्यांनीच भरा' अशी ओळ लिहिली आणि लोकांनी ती मानली, तर दुसरी पायरी घडली. साधन फोन आहे की बाक, याने फरक पडत नाही. उत्तरात 'व्हॉट्सअ‍ॅप म्हणजेच टू-स्टेप फ्लो' असं लिहू नका.

सावधान: दुसऱ्या बाणाच्या टोकाशी असलेल्या लोकांना 'अशिक्षित' किंवा 'अज्ञानी' म्हणू नका. सिद्धांत त्यांना त्या विषयात कमी सक्रिय म्हणतो. त्या आजी निवृत्त मुख्याध्यापिका असू शकतात. त्यांचा कराशी रोजचा संबंध नाही, एवढंच.

## टप्पा ५ : मर्यादा त्याच सोसायटीतून काढा

इथे उत्तरं सर्वांत कोरडी होतात. 'हा सिद्धांत जुना आहे, आज इंटरनेट आहे' असं एक वाक्य आणि पुढे पूर्णविराम. त्याऐवजी आपल्याच उदाहरणाकडे परत जा आणि ते कुठे सिद्धांताच्या बाहेर सांडतं ते पाहा. मला तीन जागा दिसतात.

पहिली सर्वांत महत्त्वाची. २४ पैकी बहुतेक घरांनी बातमी स्वतःच वाचली होती. काका नसते तरी ती पोचली असती. म्हणजे माहितीचा प्रवाह एकाच पायरीत झाला, प्रभावाचा मात्र दोन. १९६० मध्ये डॉइचमन आणि डॅनियलसन यांनी मोठ्या बातम्या लोकांपर्यंत कशा पोचतात ते तपासलं, तेव्हा पहिली खबर बहुतांश लोकांना थेट माध्यमांतूनच मिळाल्याचं त्यांना दिसलं. टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच: मूळ मांडणीत माहिती आणि प्रभाव हे दोन प्रवाह नीट वेगळे केलेले नव्हते. टप्पा १ मध्ये तो शब्द तपासायला सांगितला, तो यासाठी.

दुसरी जागा काकांच्या मागे आहे. आजींच्या प्रश्नाचं उत्तर काकांनाही माहीत नव्हतं. त्यांनी आपल्या कर सल्लागार मित्राला फोन केला. म्हणजे मतनेत्यालाही मतनेता आहे, आणि पायऱ्या तीन झाल्या. डेकाटूरच्या अभ्यासातही मतनेते स्वतः इतर माणसांच्या प्रभावाखाली असल्याचं दिसलं होतं. यातून पुढे बहुस्तरीय प्रवाहाची मांडणी आली.

तिसरी जागा बाकावरची आहे. 'ए' विंगमधल्या वकील ताई संध्याकाळी काकांशी बोलतात तेव्हा विचारणारं कोण आणि सांगणारं कोण, हे ठरवता येत नाही. ताई कायद्याची बाजू सांगतात, काका बिलाची. १९६५ मध्ये ट्रोल्डाल आणि व्हॅन डॅम यांनी दाखवलं की मत विचारणारे आणि देणारे बऱ्याच बाबतींत सारखेच असतात. म्हणजे समाजाचे 'नेते' आणि 'अनुयायी' असे दोन स्वच्छ भाग पाडणं ओढूनताणून होतं. आणि काही घरं अशीही आहेत, की कोणाशी बोललीच नाहीत. त्यांना आकृतीत जागाच नाही.

तिन्ही जागा लिहा, पण पहिलीला निम्मी जागा द्या.

तपासा: तुमच्या प्रत्येक मर्यादेत उदाहरणातला एक तरी माणूस आहे का? नसेल, तर ती ओळ गाइडमधून आलेली वाटते, आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

## टप्पा ६ : वेळेत लिहा

दहा गुणांच्या प्रश्नाला साधारण अठरा-वीस मिनिटं मिळतात असं धरा. पहिली दोन मिनिटं लिहू नका. शेवटच्या पानावर पेन्सिलने चार शब्द टिपा: विषय, माध्यम, माणूस, निर्णय. आमच्या उदाहरणात ते मिळकतकर, वर्तमानपत्र, काका, अर्ज भरणं किंवा न भरणं असे होतील. चारपैकी एक जरी सुचला नाही, तरी उदाहरण बदला. लिहायला सुरुवात केल्यावर बदलणं महागात पडतं.

मग चार मिनिटं सिद्धांत आणि पार्श्वभूमीला. आठ मिनिटं उदाहरण, मतनेत्याच्या तीन बाजू आणि आकृतीला. उरलेला वेळ मर्यादांना. मुलं उलट करतात. पार्श्वभूमीत दहा मिनिटं जातात आणि मर्यादा घंटा वाजताना लिहिल्या जातात.

उदाहरणाचा परिच्छेद साधारण असा उतरला पाहिजे:

'मिळकतकरातील ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरण्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. आमच्या सोसायटीतील एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने ती वाचून आपल्या बिलाशी पडताळली (पहिली पायरी). शेजाऱ्यांनीही बातमी वाचली होती, परंतु ती आपल्याला लागू आहे की नाही हे ठरवता न आल्याने त्यांनी त्यांचा सल्ला घेतला. प्रत्येकाचे बिल पाहून त्यांनी वेगवेगळा सल्ला दिला आणि शेजाऱ्यांनी त्यानुसार अर्ज भरला किंवा भरला नाही (दुसरी पायरी). त्यांच्याकडे कोणतेही पद नाही. विषयाची जाण, चोख व्यवहाराची ख्याती आणि सहज उपलब्धता यांमुळे ते करविषयक बाबतीत मतनेते ठरतात. शाळाप्रवेशासारख्या विषयात मात्र ते स्वतः दुसऱ्या शेजाऱ्याचा सल्ला घेतात.'

हा परिच्छेद पाठ करू नका. शेजारच्या बाकावरची मुलगीही तोच लिहील, आणि दोन उत्तरपत्रिकांत तेच काका सापडले की दोघींचे गुण जातात. आपल्या वाड्यातला, चाळीतला किंवा सोसायटीतला माणूस शोधा. डेंग्यूच्या दिवसांत टाकीचं पाणी कधी बदलायचं हे ज्यांना विचारतात त्या परिचारिका काकू चालतील. गॅसची आधार जोडणी कशी करायची ते दाखवणारा तळमजल्यावरचा मुलगा चालेल. तो वीस वर्षांचा असला तरी बिघडत नाही. त्याला लोक विचारतात का, त्याने त्याबद्दल कुठे वाचलं होतं, आणि त्याच्या सांगण्याने कोणी काय ठरवलं, एवढं तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

शेवटी उत्तरपत्रिका देण्याआधी एकदा मागे जाऊन पहिल्या परिच्छेदातला तो शब्द पाहा. 'नेहमी' लिहिलं असेल तर खोडून 'पुष्कळदा' करा.